फ्रिज, बिल आणि वॉरंटी कार्ड : ग्राहक आयोगाला दिलेल्या अर्जाची नोंद

आज द्राक्षाचं काही नाही. घरच्या फ्रिजची तक्रार आम्ही सांगलीच्या ग्राहक आयोगात केली होती, हे बऱ्याच जणांच्या कानावर गेलं आहे. अर्ज कसा लिहिला, वकील लावला का, किती खर्च आला, असं विचारणारे चार-पाच जण रोज आहेत. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकतो. दुकानाचं आणि कंपनीचं नाव टाकत नाही. तडजोड झाली आहे, आणि नाव कळून कुणाला काही फायदाही नाही. ह्या नोंदीत कामाचे आहेत ते कागद.

आधी एक गोष्ट. आपण अजून "ग्राहक मंच" म्हणतो. 1986 च्या कायद्यात तो मंच होता. 2019 चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, तेव्हापासून त्याचं नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. अर्जाच्या डोक्यावर हेच नाव लिहायचं.

काय झालं होतं

22 मार्च 2023 ला, गुढीपाडव्याला, मिरजेतल्या एका दुकानातून फ्रिज घेतला. किंमत जीएसटी धरून 28,500 रुपये. बिल आमच्या सौ.च्या नावावर. दुकानदार म्हणाला, "काका, दहा वर्षांची गॅरंटी आहे, बिनघोर न्या." कार्ड उघडून बघितलं तर पूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला दहा वर्षं. ह्या दोन ओळींतला फरक पुढं येतोच.

बिल करताना दुकानदारानं "कच्चं करू का? थोडं कमी होईल" असं विचारलं होतं. पक्कंच घेतलं. बिलावर मॉडेल छापलेलं होतं, पण सिरीयल नंबर नव्हता. तो पेनानं लिहायला लावला आणि शेजारी शिक्का मारून घेतला. वॉरंटी कार्डावरही तोच नंबर, तारीख आणि दुकानाचा शिक्का. हे का लागतं ते सांगतो. बिल सांगतं की अमुक बाईनं अमुक तारखेला असा एक फ्रिज घेतला. कार्ड सांगतं की ह्या नंबरच्या फ्रिजला अमुक तारखेपर्यंत हमी आहे. आणि फ्रिजच्या आतलं स्टिकर सांगतं की घरात उभा आहे तो हाच. तिन्हीकडं एकच नंबर असला की साखळी जुळते. एक कडी तुटली तर समोरचा सरळ म्हणतो, हा आमचा मालच नव्हे.

बिल थर्मल कागदावर होतं, एसटीच्या तिकिटासारखं. असला कागद उन्हानं आणि हातानं वर्षभरात पांढरा पडतो. म्हणून त्याच दिवशी दोन झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या आणि मोबाईलवर फोटो. अर्ज करायच्या वेळी मूळ बिलावरची अक्षरं निम्मी उडालेली होती, पेनानं लिहिलेला नंबर आणि शिक्का तेवढा ठळक राहिला होता.

आठव्या महिन्यात, ऐन दिवाळीत, फ्रिज गार होईना. 11 नोव्हेंबरला तक्रार नोंदवली. मेकॅनिक आला 16 तारखेला, भाऊबीज झाल्यावर. त्यानं गॅस भरला. चौसष्ट दिवस चालला. 19 जानेवारी 2024 ला परत तेच. 24 तारखेला परत गॅस. ह्या वेळी पंचेचाळीस दिवस. 9 मार्चला तिसऱ्यांदा तक्रार नोंदवली. ह्या वेळी मेकॅनिक आला तो 27 मार्चला. आला, बघितलं आणि म्हणाला, "वॉरंटी 21 तारखेला संपली. आता 4,200 रुपये लागतील."

गॅस संपत नसतो

अर्जाचा गाभा इथं आहे, म्हणून थोडं थांबतो. फ्रिजमधला गॅस म्हणजे ट्रॅक्टरमधलं डिझेल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, बाहेरची गरम होणारी नळी, आतली गार होणारी नळी आणि मधला फिल्टर, ह्या बंद वाटेनं तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. आमच्या फ्रिजच्या स्टिकरवर R600a, 48 ग्रॅम असं छापलं आहे. एवढासा गॅस. तो कमी झाला म्हणजे कुठल्या तरी जोडात किंवा नळीत भोक आहे, दुसरं कारण नाही. भोक न शोधता परत गॅस भरणं म्हणजे फुटलेल्या लॅटरलमध्ये पाण्याचा दाब वाढवण्यासारखं आहे.

ओळखायचं कसं? कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो, पण फ्रिजची बाजूची पत्र्याची भिंत नेहमीसारखी तापत नाही, नुसती कोमट राहते. मेकॅनिकनं मागची प्लेट काढली तेव्हा आतल्या नळीच्या पहिल्या दोन वेटोळ्यांवरच बर्फ होतं, बाकीची नळी कोरडी. गॅस पुरेसा असता तर सगळ्या नळीवर सारखं दव धरलं असतं. त्याचा फोटो पोरानं काढून ठेवला. कुठं तेलकट डाग दिसला तर तोही बघावा, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल थोडं बाहेर येतं आणि भोकाची जागा दाखवतं.

आता ते दहा वर्षांचं बघा. आमचा कॉम्प्रेसर ठणठणीत होता. गळती नळीत होती. नळी ही "पूर्ण फ्रिज" मध्ये येते, म्हणजे एक वर्षाच्या हमीत. कॉम्प्रेसरची दहा वर्षं आमच्या काही कामाची नव्हती. म्हणूनच 21 मार्च ही तारीख एवढी मोलाची झाली.

एक सावधगिरी. R600a हा पेट घेणारा गॅस आहे. हमी चालू असताना बाहेरच्या मेकॅनिकला वेल्डिंगचा गन घेऊन फ्रिजला हात लावू देऊ नये. एक तर धोका, आणि दुसरं म्हणजे कार्डामागच्या बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की कंपनीबाहेरच्या माणसानं उघडलं तर हमी रद्द.

जॉब शीट

बिल आणि वॉरंटी कार्ड सगळे जपतात. मेकॅनिक सही घेऊन जातो तो तिसरा कागद, जॉब शीट, तो कुणी ठेवत नाही. आमच्याकडं तिन्ही होते, कारण सौ. सही करायच्या आधी वाचते आणि आपली प्रत मागून घेते. पहिल्या दोन्हींवर मेकॅनिकनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "गॅस लीक, गॅस चार्जिंग केले." हे कंपनीच्याच माणसाचं लिखाण. दोष आहे हे आम्ही म्हणत नव्हतो, त्यांचा कागद म्हणत होता.

ह्याचा फायदा मोठा आहे. मालातला दोष नुसता बघून ठरवता येत नसेल तर आयोग तो माल तपासणीला प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि त्याची फी आधी तक्रारदारानं भरायची असते. कंपनीच्याच तीन कागदांवर एकच दोष असला तर तपासणीची गरज पडण्याची शक्यता खूप कमी होते.

तिसऱ्या जॉब शीटवर मात्र मेकॅनिकनं दोन ओळी लिहिल्या : "वॉरंटी संपली. फ्रिजमध्ये दुधाच्या बरण्या, व्यावसायिक वापर." आमच्या दोन म्हशी आहेत. त्यानं दार उघडलं तेव्हा आत दुधाची पातेली होती हे खरं. सौ. सही करेना. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, करा हो सही, नुसती फॉर्मॅलिटी आहे." तिनं सहीच्या वर लिहिलं, "मजकूर मान्य नाही. तक्रार 9 मार्चची आहे." आणि मग सही केली. एवढ्या सात शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

नोटीस

15 एप्रिल 2024 ला दुकान आणि कंपनी दोघांना रजिस्टर पोस्टानं, पोहोच पावतीसह नोटीस पाठवली. कायद्यानं अर्जाआधी नोटीस द्यायलाच पाहिजे असं नाही. पण दिली की समोरचा काय बचाव करणार ते आधी कळतं. आमच्या बाबतीत तसंच झालं. 8 मेला कंपनीचं उत्तर आलं : एक, भेटीच्या दिवशी हमी संपली होती, दोन, फ्रिज दुधाच्या धंद्यासाठी वापरला जातो, म्हणून हमी लागू नाही आणि तुम्ही ग्राहकच नाही. दुकानानं उत्तरच दिलं नाही.

आता अर्ज लिहायला सोपं झालं. दोनच प्रश्नांची उत्तरं द्यायची होती.

पहिल्याचं उत्तर एसएमएसमध्ये होतं. 9 मार्चला तक्रार नोंदवल्यावर कंपनीच्याच नंबरवरून तक्रार क्रमांक आला होता. हमी तक्रारीच्या दिवशी चालू होती. मेकॅनिक अठरा दिवसांनी आला ही त्यांची दिरंगाई, तिचा फायदा त्यांना कसा मिळेल?

दुसऱ्याचं उत्तर सौ.ला सुचलं. ती म्हणाली, "अहो, डेअरीचं पुस्तक लावा की." दूध संकलन केंद्राच्या पुस्तकात सकाळ-संध्याकाळ किती लिटर घातलं ते रोज लिहिलेलं असतं. फ्रिज बंद होता त्या दिवसांचं बघितलं, तर दूध नेहमीएवढंच डेअरीला गेलेलं. विक्रीचं दूध धार काढली की थेट डेअरीला जातं, फ्रिजमध्ये राहतं ते घरच्या चहाचं आणि विरजणाचं. फ्रिज बंद पडून धंद्याला काहीच फरक पडला नाही, म्हणजे फ्रिजचा धंद्याशी संबंध नाही. चार ओळींचा युक्तिवाद करण्यापेक्षा पुस्तकाची दोन पानं बोलकी ठरली.

इथंच एक मोह टाळावा लागला. भाऊ म्हणाला, "दूध नासलं त्याचे पाच-सहा हजार मागा." मागितले असते तर आम्हीच लिहून दिल्यासारखं झालं असतं की फ्रिज विक्रीच्या दुधासाठी होता. म्हणून नुकसानीत दुधाचा एक शब्दही घातला नाही.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो तेही सांगतो, कारण ते पंपाला, कडबाकुट्टीला, पिठाच्या गिरणीलाही लागू पडतं. व्यापारी कामासाठी घेतलेला माल असेल तर घेणारा ग्राहक धरला जात नाही. पण फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू व्यापारी धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे फोड करून सांगितलं : टाइपरायटर घेऊन स्वतः टायपिंग करून पोट भरणारा ग्राहक आहे, टॅक्सी घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे. त्या खटल्यातला कारखाना मात्र ह्यात बसला नाही. आणि 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी ह्या खटल्यात बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे त्याच न्यायालयानं मान्य केलं. म्हणजे फ्रिज दुधासाठी असता तरी आमची बाजू पूर्ण गेली नसती. पण कायद्याची ती बाजू आयोगाला ठरवावी लागते, डेअरीच्या पुस्तकाचा आकडा नुसता वाचावा लागतो.

अर्ज

वकील लावला नाही. कायद्यानं लागत नाही. अर्ज मराठीत, साध्या पांढऱ्या कागदावर, टाइप करून. बिल सौ.च्या नावावर म्हणून तक्रारदारही तीच. समोरच्याला आपल्याकडं "जाबदार" म्हणतात. जाबदार क्रमांक 1 दुकान, क्रमांक 2 कंपनी. दोघांनाही घालायचं, नाहीतर दुकान कंपनीकडं बोट दाखवतं आणि कंपनी दुकानाकडं. नाव-पत्ते काढून मुख्य मजकूर खाली देतो.

"1. तक्रारदार मिरज तालुक्यात राहतात. तक्रारदारांनी दि. 22/03/2023 रोजी जाबदार क्र. 1 यांचेकडून जाबदार क्र. 2 यांनी तयार केलेला फ्रिज रक्कम रु. 28,500/- रोख देऊन घरगुती वापरासाठी खरेदी केला. बिलाची प्रत नि. 1 वर आहे. बिलावरील, वॉरंटी कार्डावरील (नि. 2) व फ्रिजवरील (फोटो, नि. 3) सिरीयल नंबर एकच आहे.

2. वॉरंटी कार्डाप्रमाणे संपूर्ण फ्रिजची हमी दि. 21/03/2024 पर्यंत होती.

3. दि. 11/11/2023, 19/01/2024 व 09/03/2024 रोजी फ्रिज गार होणे बंद झाले व प्रत्येक वेळी त्याच दिवशी तक्रार नोंदविली. तिन्ही तक्रारी हमीच्या मुदतीतील आहेत. तक्रार क्रमांकांचे संदेश नि. 4 वर आहेत.

4. पहिल्या दोन भेटींत जाबदार क्र. 2 यांच्याच तंत्रज्ञाने 'गॅस लीक' असा दोष लिहून फक्त गॅस भरला (जॉब शीट, नि. 5 व 6). गळती शोधून दुरुस्त केल्याची नोंद कोठेही नाही. त्यामुळे तोच दोष पुन्हा पुन्हा उद्भवला.

5. तिसऱ्या तक्रारीवर तंत्रज्ञ 18 दिवसांनी आला व हमी संपल्याचे कारण सांगून दुरुस्ती नाकारली (नि. 7). हमी तक्रारीच्या दिवशी चालू होती. वारंवार उद्भवणारा दोष हा मालातील दोष आहे व तक्रारीची दखल वेळेत न घेणे ही सेवेतील त्रुटी आहे.

6. फ्रिज व्यावसायिक वापराचा असल्याचे जाबदारांचे म्हणणे खोटे आहे. फ्रिज बंद असलेल्या दिवशीही दुधाची विक्री नेहमीप्रमाणेच झाल्याचे डेअरीच्या पुस्तकावरून दिसते (नि. 8).

7. तक्रारीस कारण दि. 27/03/2024 रोजी मिरज तालुक्यात घडले. तक्रार दोन वर्षांच्या मुदतीत आहे.

8. विनंती : (अ) जाबदारांनी त्याच मॉडेलचा नवीन निर्दोष फ्रिज नव्या हमीसह द्यावा, (ब) तसे शक्य नसल्यास रु. 28,500/- खरेदीच्या तारखेपासून व्याजासह परत करावेत. (क) ते मान्य न झाल्यास गळती असलेला संपूर्ण भाग विनामूल्य बदलून द्यावा व त्यावर नवीन हमी द्यावी. (ड) मानसिक त्रासापोटी रु. 10,000/- व तक्रारीचा खर्च रु. 3,000/- द्यावा."

खाली सही, तारीख, आणि वरचा मजकूर खरा असल्याचं प्रतिज्ञापत्र. "नि." म्हणजे निशाणी, प्रत्येक कागदाला दिलेला नंबर. एका वाक्यामागं एक निशाणी, असा नेम ठेवला. ज्या वाक्याला कागद मिळाला नाही ते वाक्य काढून टाकलं. "कंपनी चोर आहे", "आमची फसवणूक झाली" अशी वाक्यं पहिल्या कच्च्या प्रतीत भावानं घातली होती, त्यांना निशाणी कुठून आणायची?

मागण्या (अ), (ब), (क) अशा उतरत्या का ठेवल्या ते सांगतो. नुसता "नवा फ्रिज द्या" असा हट्ट धरला तर अडचण येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा ह्या खटल्यात म्हटलं होतं की हमी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर पूर्ण गाडीच बदलून द्या असं सांगणं योग्य नाही. कार्डावर काय लिहून दिलंय त्यावर हे ठरतं. आमच्याही कार्डावर "दुरुस्ती किंवा भाग बदल" एवढंच होतं. म्हणून पर्याय द्यायचे. एक नाही तर दुसरं तरी पदरात पडतं.

कुठं, किती, कधी

कार्डाच्या मागं एक ओळ असते : "सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत." आमच्या कार्डावर दिल्ली होतं. ती ओळ वाचून बरीच माणसं तिथंच गप्प बसतात. 2019 च्या कायद्यात तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. आम्ही मिरज तालुक्यात राहतो, म्हणून सांगली.

फी शून्य. मालासाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. किंमत म्हणजे बिलावरची रक्कम, आपण मागितलेली भरपाई नव्हे. इथंही बिलच कामाला येतं. कच्च्या चिठ्ठीवर हे सिद्ध करत बसावं लागतं. आमचा खर्च टायपिंग, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि टपाल एवढाच. आयोगासाठी आणि दोन्ही जाबदारांसाठी वेगवेगळे संच करावे लागले. मूळ कागद घरातच ठेवले, लावल्या त्या प्रती. मूळ सुनावणीला दाखवायला न्यायचे. आता ई-जागृती संकेतस्थळावर घरबसल्याही तक्रार दाखल करता येते, पण आम्ही हातानं दिली, 10 जून 2024 ला.

मुदत दोन वर्षांची. सर्व्हिस सेंटरला फोन करत राहिल्यानं ती थांबत नाही, हे ध्यानात ठेवा. "बघतो, पाठवतो" करत कंपनीनं दीड वर्ष घालवलं तर ते दीड वर्ष आपलंच जातं. आम्ही मुदत नकाराच्या तारखेपासून धरली, पण पहिल्या दोषापासून, म्हणजे 11 नोव्हेंबर 2023 पासून मोजली असती तरी अर्ज मुदतीतच होता. दोन्ही बाजूंनी मोजून बघायचं.

पुढं काय झालं

तक्रार दाखल करून घेतल्यावर आयोगाची नोटीस गेली. नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, आयोग फार तर आणखी 15 दिवस देतो. 45 दिवसांच्या पुढं नाहीच, असं घटनापीठानं 2020 मध्ये ठरवलं आहे. कंपनीनं म्हणणं दिलं, तेच दोन मुद्दे. दुकानदार स्वतः आला आणि म्हणाला, "काका, मला कशाला ओढलं ह्यात? माझं काम विकायचं." विकलेल्या मालाचं पक्कं बिल त्याच्याच सहीचं होतं, तेवढंच उत्तर दिलं.

कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावावा असं आहे, पण प्रत्यक्षात तारखा पडतात. आमच्या चार पडल्या, त्यातली एक ऐन ऑक्टोबर छाटणीत. चौथ्या तारखेला कंपनीच्या वकिलांनी तडजोडीचं विचारलं. त्यांचा पहिला प्रस्ताव होता : गॅस फुकट भरून देतो. नको म्हणालो. मग नवा फ्रिज आणि 3,000 रुपये खर्च, ह्यावर ठरलं. त्रासाचे 10,000 सोडले. सौ.चं म्हणणं होतं की सोडू नये. पण पुरावा घेऊन, युक्तिवाद करून निकाल लागायला अजून किती महिने जातील ते कुणाला सांगता येईना, आणि निकालानंतर समोरचा 45 दिवसांत राज्य आयोगाकडं अपीलही करू शकतो. घरात फ्रिज नसताना दुसरा उन्हाळा येत होता.

तडजोड तोंडी ठेवली नाही. पुरसिस लिहून, दोघांच्या सह्या करून, आयोगाच्या रेकॉर्डवर घेतली आणि त्याप्रमाणे आदेश झाला. त्यात दोन गोष्टी मुद्दाम घालून घेतल्या : फ्रिज किती दिवसांत मिळणार, आणि नव्या फ्रिजची हमी मिळाल्याच्या दिवसापासून नव्यानं सुरू होणार. दुसरी घातली नसती तर कंपनी म्हणाली असती की हमी जुन्या बिलाचीच, आणि ती तर केव्हाच संपलेली. डिसेंबर 2024 मध्ये फ्रिज आला. आल्याबरोबर स्टिकरचा फोटो काढून नवा सिरीयल नंबर पुरसिसच्या प्रतीवर लिहून घेतला, आणलेल्या माणसाची सही घेतली.

आता ज्यांनी मागच्या उन्हाळ्यात सबमर्सिबल पंप घेतलेत त्यांनी आज एवढंच करा. पंपाचं बिल आणि कार्ड काढा, मोटरच्या पट्टीवरचा नंबर दोन्हींवर आहे का बघा. मोटर बोअरमध्ये असेल तर पट्टी आता दिसणार नाही, म्हणून सोडताना फोटो काढला असेल तर तो शोधा. नसेल तर पुढच्या वेळी पंप वर येईल तेव्हा आधी पट्टीचा फोटो, मग मेकॅनिकला फोन.

कुणाला वरचा अर्ज जसाच्या तसा वापरायचा असेल तर खुशाल वापरा, तारखा आणि निशाण्या मात्र स्वतःच्या घाला. उद्या बागेत फवारणी आहे, तिची नोंद संध्याकाळी टाकतो.